मराठी वाक्यातला न दिसणारा ‘द’

‘अंगणात मांजर आहे’ आणि ‘मांजर अंगणात आहे’. ही दोन वाक्यं सातवी-आठवीतल्या कुठल्याही मराठी मुलाला वाचायला द्या आणि दोन्हींत फरक काय ते विचारा. थोडा विचार करून मूल बरोबर सांगेल. पहिल्या वाक्यात कुठलं तरी मांजर अंगणात आलंय. दुसऱ्या वाक्यातलं मांजर आपल्या ओळखीचं आहे, बहुधा घरातलंच, आणि ते कुठे गेलं असं कुणीतरी विचारलं असावं. शब्द तेच तीन, फक्त जागा बदलल्या आणि अर्थ बदलला. इंग्रजीत पहिलं वाक्य होईल ‘देअर इज अ कॅट इन द यार्ड’ आणि दुसरं होईल ‘द कॅट इज इन द यार्ड’. जे काम मराठीने शब्दांचा क्रम बदलून केलं, तेच इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’ या दोन चिमुकल्या शब्दांकडून करून घेते.

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपली मुलं आर्टिकलमध्ये चुकतात, असं शाळेत सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मराठीत आर्टिकल नावाचा शब्द नाही, पण ‘कुठलंतरी’ आणि ‘ते, आपल्याला माहीत असलेलं’ हा भेद मराठीत पुरेपूर आहे. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणणाऱ्याला कुठलाही चांगला डॉक्टर चालेल. ‘मी डॉक्टरला शोधतोय’ म्हणणाऱ्याला एक ठरावीक माणूस हवाय, जो आत्ता दवाखान्यात जागेवर नाही. एका ‘ला’ने हे काम केलं. तेव्हा मुलाला हा भेद नव्याने शिकवायचा नसतो. त्याच्या मराठी वाक्यात तो आधीच कुठे लपला आहे, हे त्याला दाखवून द्यायचं असतं. इंग्रजीतल्या आर्टिकलच्या आणि प्रिपोझिशनच्या बहुतेक चुका या वाटेने गेलं तर समजतात आणि सुटतातही.

गोष्ट सांगण्याची आपली पद्धत बघा. ‘एका गावात एक म्हातारी राहत होती. म्हातारीकडे एक कोंबडी होती. कोंबडी रोज अंडं घालायची.’ म्हातारी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याआधी ‘एक’ आलं. दुसऱ्यांदा ती नुसतीच ‘म्हातारी’ झाली, कारण आता ती आपल्या ओळखीची आहे. कोंबडीचंही तसंच. इंग्रजीत पहिल्या वेळी ‘ॲन ओल्ड वुमन’, दुसऱ्या वेळी ‘दि ओल्ड वुमन’. पहिल्या वेळी ‘अ हेन’, मग ‘द हेन’. म्हणजे जिथे मराठी ‘एक’ वापरते तिथे ‘अ’ आणि जिथे मराठी ‘एक’ गाळते तिथे ‘द’. हा योगायोग नाही. इंग्रजीतलं ‘ॲन’ हे मुळात जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासूनच झिजून आलेलं आहे, आणि ‘द’ हा तिथल्या ‘तो, ती, ते’सारख्या दर्शक शब्दातून आला. चौथी-पाचवीच्या मुलांना आर्टिकल शिकवायचं तर व्याख्येपेक्षा ही म्हातारीची गोष्ट आधी घ्यावी.

अडचण सुरू होते ती मराठी ‘एक’ वापरत नाही आणि तरी इंग्रजीला ‘अ’ हवंच असतं अशा ठिकाणी. ‘माझे वडील शेतकरी आहेत.’ या वाक्यात ‘एक’ घातलं तर ते कानाला खटकतं, भाषांतर केल्यासारखं वाटतं. म्हणून मुलं बिनधास्त लिहितात, ‘माय फादर इज फार्मर’. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीला पोचेपर्यंत मूल दहा वर्षं ही भाषा शिकलेलं असतं, आणि तरीही ‘ही इज टीचर’, ‘आय ॲम स्टुडंट’, ‘वी लिव्ह इन स्मॉल हाउस’ अशी वाक्यं उत्तरपत्रिकेत असतातच. या सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत, आणि त्यांना एकच नियम पुरतो. मोजता येणारी एकच वस्तू किंवा एकच व्यक्ती असेल, तर तिचं नाव इंग्रजीत एकटं उभं राहू शकत नाही. त्याच्या पुढे कुणीतरी हवंच. ‘अ’ असो, ‘द’ असो, ‘माय’ असो, ‘धिस’ असो की ‘एव्हरी’ असो, त्यांच्यापैकी एक जण तिथे पाहिजे. ‘फार्मर’ एकटा दिसला की काहीतरी राहिलंय हे नक्की. आर्टिकलच्या साऱ्या नियमांतून मला एकच निवडायला सांगितलं, तर मी हाच निवडेन. वहीतली सर्वांत जास्त लाल शाई याच्याच कामी येते.

नियमात ‘मोजता येणारी’ असं म्हटलं आणि तिथेच पुढचा खड्डा आहे. मोजता येतं की नाही हे मूल मराठीत ठरवतं. मराठीत आपण ‘दोन बातम्या’ सहज म्हणतो, ‘त्याने मला दोन सल्ले दिले’ म्हणतो. इंग्रजीत ‘न्यूज’ आणि ‘ॲडव्हाइस’ मोजता येत नाहीत. म्हणून ‘ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस’ चूक, ‘अ गुड न्यूज’ही चूक. ‘सम ॲडव्हाइस’ म्हणावं, नाहीतर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावं. या यादीत आपल्या मुलांना खरोखर लागणारे शब्द मोजकेच आहेत: इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, न्यूज, होमवर्क, फर्निचर, लगेज, वर्क, नॉलेज आणि ब्रेड. हे नऊ शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले तरी मोठं काम होतं. ‘फर्निचर्स’ आणि ‘होमवर्क्स’ हे अनेकवचनी अवतारही त्याच वेळी थांबतात.

आता ‘द’कडे वळू. ‘पहिल्यांदा उल्लेख आला की अ, दुसऱ्यांदा आला की द’ हा नियम शाळेत पाठ करून घेतात. म्हातारीच्या गोष्टीला तो चपखल बसतो, पण रोजच्या बोलण्यात तो अपुरा पडतो. वर्गात सर म्हणतात, ‘व्हेअर इज द डस्टर?’ डस्टरचा उल्लेख तर पहिल्यांदाच झाला, मग ‘द’ कसं? कारण वर्गात एकच डस्टर असतं आणि सर कुठल्या डस्टरबद्दल बोलतात हे पन्नास मुलांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न कितव्यांदा उल्लेख झाला हा नाही. प्रश्न असा की ऐकणाऱ्याला ‘कुठलं?’ असं विचारावंसं वाटेल का? वाटणार असेल तर ‘अ’, वाटणार नसेल तर ‘द’. घरात आई म्हणते, ‘दार लाव’. आपण ‘कुठलं दार?’ असं विचारत नाही. इंग्रजीत ते ‘क्लोज द डोअर’ होतं. मला ही ‘कुठलं?’वाली कसोटी नियमापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण ती मूल स्वतःच्या मराठी कानाने लावू शकतं.

‘द’ गाळण्याइतकीच तो उगाच घालण्याची चूकही होते, आणि ती बहुधा थोड्या हुशार मुलांकडून होते. निबंधात ‘द लाइफ इज अ स्ट्रगल’, ‘द नेचर इज अवर फ्रेंड’, ‘द सोसायटी मस्ट चेंज’ अशी वाक्यं येतात. आयुष्य, निसर्ग, समाज ही सर्वसाधारण कल्पना म्हणून आली की इंग्रजीत ती उघडीच राहतात. ‘लाइफ इज अ स्ट्रगल’. मात्र एका ठरावीक माणसाचं आयुष्य म्हटलं की ‘द लाइफ ऑफ अ सोल्जर’. इथेही तीच कसोटी चालते: कुठलं आयुष्य? सैनिकाचं. उत्तर वाक्यातच आहे, म्हणून ‘द’.

भूगोलाच्या नावांबद्दल फार काथ्याकूट नको. नद्या, समुद्र आणि डोंगररांगांना ‘द’ लागतं: द गोदावरी, दि अरेबियन सी, द सह्याद्रीज. शहर, एकटं शिखर आणि तलाव यांना लागत नाही: पुणे, कळसूबाई, रंकाळा लेक. एवढं पुरे.

‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नात मात्र मराठी मुलाच्या हातात असं साधन आहे जे इंग्रजी मुलाकडेसुद्धा नाही, ते म्हणजे देवनागरी. नियम असा आहे की पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार स्वराचा असेल तर ‘ॲन’, व्यंजनाचा असेल तर ‘अ’. इंग्रजी स्पेलिंग या बाबतीत फसवतं, पण देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते. शब्द देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर बघा. ‘युनिव्हर्सिटी’ इंग्रजीत स्वराच्या अक्षराने सुरू होते, पण देवनागरीत ती ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’, म्हणजे तास, इंग्रजीत व्यंजनाने लिहितात, देवनागरीत ‘अ’ने, म्हणून ‘ॲन अवर’. ‘ऑनेस्ट’ला ‘ॲन’, ‘युरोपियन’ला ‘अ’, ‘वन-डे मॅच’ला ‘अ’, ‘एक्स-रे’ला ‘ॲन’, ‘एमएलए’ला ‘ॲन’, ‘यूपीएससी कँडिडेट’ला ‘अ’ आणि ‘एमपीएससी कँडिडेट’ला ‘ॲन’. सगळी उत्तरं बरोबर येतात.

फक्त दोन ठिकाणी सावध राहावं लागतं. ‘वर्ष’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आपण ‘इयर’ असा लिहितो, पण त्याचा मूळ उच्चार ‘य’ने सुरू होतो. म्हणून ‘अ यीअर’ हेच बरोबर, ‘ॲन’ नाही. दुसरं ठिकाण आपल्या बोलीचं. कित्येक गावांत एसटीला ‘यष्टी’ म्हणतात, एम.ए.ला ‘यम.ए.’ म्हणतात. त्या उच्चारावर भरवसा ठेवून मूल ‘अ एसटी बस’ लिहितं, आणि स्वतःच्या कानाप्रमाणे ते बरोबरच असतं. त्याला चूक म्हणून गप्प करण्याआधी सांगावं की घरी ‘यष्टी’ खुशाल म्हण, पण इंग्रजी लिहिताना ‘एसटी’ असं म्हणून बघ आणि मग ठरव. ‘ॲन एसटी बस’ आपोआप येईल.

प्रिपोझिशनची कथा वेगळी आहे. आर्टिकल मराठीत शब्दरूपाने नसतात. प्रिपोझिशनचं काम करणारे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मात्र मराठीत भरपूर आहेत. ती नामाच्या मागे चिकटतात, इंग्रजीत नामाच्या पुढे उभी राहतात, एवढा जागेचा फरक मुलं पहिल्या एक-दोन वर्षांत आत्मसात करतात. खरा घोळ जोड्या लावण्यात होतो. मुलाने मनात ‘वर म्हणजे ऑन, त म्हणजे इन, ला म्हणजे टू, पासून म्हणजे सिन्स’ असा कोश करून ठेवलेला असतो. बऱ्याच वेळा तो चालतोही. ‘टीव्हीवर’ म्हणजे ‘ऑन टीव्ही’, ‘फोटोत’ म्हणजे ‘इन द फोटो’, ‘तुझ्यावर अवलंबून’ म्हणजे ‘डिपेंड ऑन यू’. जिथे तो चालतो तिथे शिकवण्यात वेळ घालवू नये. जिथे तो फसतो तेवढंच शिकवावं.

‘वर’ घ्या. ‘टेबलावर पुस्तक’ म्हणजे ‘ऑन’, कारण पुस्तक टेबलाला टेकलेलं आहे. ‘टेबलाच्या वर पंखा’ म्हणजे ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’, कारण मध्ये अंतर आहे. इथेसुद्धा मराठीने बहुतेक वेळा खूण ठेवलेली असते. ‘वर’ नामाला थेट चिकटलं तर टेकणं, ‘च्या वर’ असं सुटं आलं तर अंतर. पण ‘माझ्यावर विश्वास ठेव’ आणि ‘तो माझ्यावर रागावला’ यांतलं ‘वर’ कशालाच टेकलेलं नाही. त्याला जागेचा अर्थच उरलेला नाही. त्यातून ‘बिलीव्ह ऑन मी’ आणि ‘ही इज अँग्री ऑन मी’ अशी वाक्यं जन्माला येतात. बरोबर इंग्रजी ‘बिलीव्ह इन मी’ आणि ‘अँग्री विथ मी’ असं आहे. अशाच वाटेने ‘तिचं लग्न डॉक्टरशी झालं’ यातल्या ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’ येतं, ते हवं ‘मॅरीड टू अ डॉक्टर’. ‘तो गणितात हुशार आहे’ यातल्या ‘त’मुळे ‘गुड इन मॅथ्स’ येतं, ते हवं ‘गुड ॲट मॅथ्स’. यामागचं कारण विचारून फारसं हाती लागत नाही. ही माणसाच्या आडनावासारखी नावाबरोबरच लक्षात ठेवायची गोष्ट आहे. म्हणून ‘अँग्री’ हा शब्द एकटा शिकवू नये, ‘अँग्री विथ’ असा जोडीनेच शिकवावा आणि वहीतही जोडीनेच लिहून घ्यावा.

‘पासून’ची चूक मात्र कारण समजून सुटणारी आहे, आणि ती इतकी पसरलेली आहे की पदवीधरांच्या नोकरीच्या अर्जातही ती सापडते. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ याचं इंग्रजी मूल करतं, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह यीअर्स’. मराठीत ‘2019पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतं. इंग्रजी इथे विचारते, तू मला सुरुवातीचा क्षण सांगतोयस की मधला काळ? सुरुवात सांगत असशील तर ‘सिन्स’: सिन्स 2019, सिन्स मंडे, सिन्स मॉर्निंग. मोजलेला काळ सांगत असशील तर ‘फॉर’: फॉर फाइव्ह यीअर्स, फॉर टू डेज. मुलाने एवढंच बघायचं की ‘पासून’च्या आधी कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येईल अशी जागा आहे, की ‘किती?’चं उत्तर आहे. पण या वाक्यात दुसरी चूकही लपलेली आहे. ‘राहतो’ हा मराठी वर्तमानकाळ इंग्रजीत चालत नाही. तिथे ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ हवं. शिक्षक बऱ्याचदा ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहितात आणि क्रियापद तसंच सोडतात. मग वाक्य अर्धंच दुरुस्त होतं.

तिसरा गट ‘ला’चा. ‘मी त्याला विचारलं’, ‘मी तिला सांगितलं’, ‘आम्ही सरांना भेटलो’, ‘आम्ही पुण्याला पोचलो’ या चारही वाक्यांत मराठीत ‘ला’ किंवा ‘ना’ आहे, आणि इंग्रजीत चारही ठिकाणी काहीच नको: आस्क्ड हिम, टोल्ड हर, मेट सर, रीच्ड पुणे. मूल ‘ला’चं ‘टू’ करतं आणि ‘आस्क्ड टू हिम’ लिहितं. उलट ‘से’ला मात्र ‘टू’ लागतं: ‘सेड टू हर’. त्यामुळे ‘टोल्ड टू’ आणि ‘सेड मी’ ही अदलाबदल वर्गावर्गात आढळते. आणखी उलटा प्रकार म्हणजे मराठीत काही नसतं तिथे इंग्रजीला हवं असतं. ‘माझं ऐक’ म्हणजे ‘लिसन टू मी’. ‘मी तुझी वाट बघतोय’ म्हणजे ‘आय ॲम वेटिंग फॉर यू’. ‘मी पेन शोधतोय’ म्हणजे ‘आय ॲम सर्चिंग फॉर माय पेन’. या शेवटच्या ‘फॉर’ने अर्थ पार बदलतो, हे मुलांना जरूर दाखवावं. ‘द पोलीस सर्च्ड फॉर द मॅन’ म्हणजे पोलिसांनी त्या माणसाचा शोध घेतला. ‘द पोलीस सर्च्ड द मॅन’ म्हणजे त्याची झडती घेतली. एका शब्दाने अर्थ कुठून कुठे गेला हे एकदा कळलं की त्या शब्दाबद्दल आदर वाटू लागतो.

‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ या चुकीचा दोष सगळा मराठीवर टाकता येत नाही. ‘त्या प्रश्नाविषयी चर्चा केली’ हे त्यामागे आहेच, पण इंग्रजीही इथे फसवते. ‘अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’ बरोबर असतं, कारण ‘डिस्कशन’ हे नाम आहे. ‘डिस्कस’ या क्रियापदाला मात्र ‘अबाउट’ नको. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चालतं, ‘रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ चालत नाही. ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’ चालतं, ‘आन्सर टू द क्वेश्चन’ अशी आज्ञा चालत नाही. नाम आणि क्रियापद असे समोरासमोर लिहून दाखवले तर हा गोंधळ लवकर मिटतो.

आता हे सगळं एका खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या कागदावर लावून बघू. दहावीतल्या मुलाने मुख्याध्यापकांना लिहिलेला रजेचा अर्ज असा असतो: ‘आय ॲम स्टुडंट ऑफ टेन्थ स्टँडर्ड. आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज. डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड टू मी टू स्टे इन होम. आय रिक्वेस्ट टू यू टू ग्रँट मी लीव्ह फॉर थ्री डेज. आय विल कम टू द स्कूल इन मंडे.’ पाच वाक्यं आहेत, अर्थ स्पष्ट आहे आणि एकही वाक्य निर्दोष नाही.

पहिल्या वाक्यात ‘स्टुडंट’ एकटा उभा आहे, म्हणून ‘अ स्टुडंट’. ‘टेन्थ’ म्हणजे दहावी, क्रमवाचक शब्द, म्हणून ‘द टेन्थ स्टँडर्ड’. तेच ‘स्टँडर्ड टेन’ असं लिहिलं तर ‘द’ लागत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘टू डेज’ हे ‘किती?’चं उत्तर आहे, म्हणून ‘फॉर टू डेज’, आणि त्याबरोबर ‘आय हॅव बीन सफरिंग’. तिसऱ्या वाक्यातला डॉक्टर मुख्याध्यापकांना माहीत नाही, मग ‘अ’ की ‘द’? आजारी मुलाला जो तपासतोय तो त्याचा डॉक्टर, हे वाचणारा गृहीत धरतो आणि ‘कुठला डॉक्टर?’ असं विचारत नाही. म्हणून ‘द डॉक्टर’ किंवा ‘अवर डॉक्टर’ जास्त सहज वाटतं. ‘अ डॉक्टर’ व्याकरणाने चूक नाही, पण त्यातून कुठल्यातरी अनोळखी डॉक्टरचा भास होतो. ‘ॲडव्हाइज्ड’नंतरचा पहिला ‘टू’ हा ‘मला’तला ‘ला’ आहे, तो जातो. ‘घरी’ म्हणजे ‘ॲट होम’. चौथ्या वाक्यात ‘रिक्वेस्ट’ क्रियापद आहे, म्हणून त्यानंतरचा ‘टू’ जातो. ‘लीव्ह’ इथे मोजायची वस्तू नाही, त्यामुळे तिच्याआधी ‘अ’ नसणं बरोबरच आहे, आणि मुलाने ते न घालून योग्य केलं. पाचव्या वाक्यात वार आहे, वाराला ‘ऑन’: वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. आणि विद्यार्थी शिकायला जातो तेव्हा नुसतं ‘टू स्कूल’. ‘टू द स्कूल’ म्हणजे त्या इमारतीत काही कामासाठी जाणं, जसे पालक सभेला जातात.

दुरुस्त अर्ज असा होतो: ‘आय ॲम अ स्टुडंट ऑफ द टेन्थ स्टँडर्ड. आय हॅव बीन सफरिंग फ्रॉम फीव्हर फॉर टू डेज. द डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड मी टू स्टे ॲट होम. आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह फॉर थ्री डेज. आय विल कम टू स्कूल ऑन मंडे.’ एकही नवा अवघड शब्द आला नाही. जे बदललं ते दोन-तीन अक्षरी शब्दांतच बदललं, ‘हॅव बीन’ तेवढं निराळं.

ही दुरुस्ती मुलाने स्वतः करायची तर लिहून झाल्यावर कागद दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात फक्त नामांखाली रेघ मारावी आणि प्रत्येकाला विचारावं: एकच आहे का, मोजता येतं का, आणि असेल तर तुझ्यापुढे कोण आहे? दुसऱ्या वाचनात फक्त क्रियापदांखाली रेघ मारून त्यांच्यामागे कुठला छोटा शब्द आला ते बघावं. दोन्ही गोष्टी एकाच वाचनात बघायला गेलं की अर्थाकडे लक्ष जातं आणि ‘द’ नजरेतून निसटतो. परीक्षेत पाच मिनिटं राखून ठेवली तर अर्जासारख्या छोट्या लेखनासाठी ती पुरतात. सरावासाठी इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला सांगतात ते चांगलंच आहे, पण मथळे सोडून. मथळ्यात जागा वाचवण्यासाठी आर्टिकल गाळलेली असतात, आणि ‘मिनिस्टर व्हिजिट्स व्हिलेज’ असं रोज वाचून मुलाला तेच बरोबर वाटू लागतं. मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदात तेच वाक्य ‘द’ आणि ‘अ’सह पूर्ण लिहिलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवून गाळलेली आर्टिकल शोधणं हा उत्तम गृहपाठ आहे.

याला मर्यादाही आहेत. बसमध्ये ‘इन’ की ‘ऑन’ यासाठी आडाखा सांगता येतो: जिथे उभं राहून चालता येतं त्या बस, रेल्वे, विमानाला ‘ऑन’, आणि जिथे बसावंच लागतं त्या कार, रिक्षाला ‘इन’. पण ‘इन हॉस्पिटल’ की ‘इन द हॉस्पिटल’ यात ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांचंच एकमत नाही. पेशंट म्हणून दाखल असलेल्याबद्दल ब्रिटिश पहिलं म्हणतात आणि अमेरिकन दुसरं. तिथे मुलाचे गुण कापणं अन्याय आहे.

शिक्षकांना आणि घरी वही बघणाऱ्या पालकांना एक विनंती. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी 1967 साली एका शोधनिबंधात मुलांच्या चुकांचे दोन प्रकार वेगळे केले होते: घाईत झालेली घसरण, जी मूल स्वतः दुरुस्त करू शकतं, आणि त्याच्या मनातल्या नियमातूनच आलेली चूक, जी पुन्हा पुन्हा त्याच जागी होते. ‘माय फादर इज फार्मर’ ही दुसऱ्या प्रकारची चूक आहे, कारण तिच्यामागे एक शुद्ध मराठी वाक्य उभं आहे. अशी चूक नुसती लाल शाईने खोडून जात नाही. म्हणून वहीत एका वेळी एकाच जातीच्या चुका तपासा. या पंधरवड्यात फक्त एकटी उभी राहिलेली नामं, पुढच्या पंधरवड्यात फक्त ‘पासून’. बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्या. आणि खूण करताना बरोबर शब्द लिहून देऊ नका. नुसती रेघ ओढून समासात मूळ मराठी शब्द लिहा: ‘कुठलं?’, ‘ला’ किंवा ‘पासून’. उत्तर मुलाला स्वतः शोधू द्या.